गुरुत्व मॉडेलने प्रवासांची वाटणी आणि ओळी-स्तंभांचं संतुलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (दापोली, गुहागर, चिपळूणच्या उदाहरणासह)

या पायरीत नेमकं काय शोधायचं असतं?

वाहतूक नियोजनात आधी प्रदेशाचे झोन पाडतात. मग प्रत्येक झोनमधून रोज किती प्रवास निघतात आणि प्रत्येक झोनकडे किती प्रवास ओढले जातात, याचा अंदाज बांधतात. घरं, नोकऱ्या, शाळा, बाजार, दवाखाने यांच्यावरून हे आकडे निघतात. पण चिपळूणकडे रोज 900 प्रवास येतात एवढं कळून रस्त्याचं किंवा एसटीचं काहीच ठरवता येत नाही. त्यातले किती गुहागरहून आणि किती दापोलीहून, हे कळायला हवं. निघणारे आणि पोचणारे यांची जोडी लावण्याच्या या कामाला प्रवासांची वाटणी म्हणतात. तिचं उत्तर एका चौकोनी तक्त्यात मिळतं. ओळीत निघण्याचा झोन, स्तंभात पोचण्याचा झोन आणि प्रत्येक घरात त्या जोडीतले प्रवास.

या पानावर एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. झोन तीन: दापोली (दाभोळसह), गुहागर (धोपाव्यासह) आणि चिपळूण. गावं आणि खाडी खरी आहेत. प्रवासांचे आकडे आणि मिनिटं मात्र हिशोब सोपा व्हावा म्हणून धरलेली आहेत, कुठल्या सर्वेक्षणातली नाहीत.

दापोलीहून 500, गुहागरहून 300, चिपळूणहून 700 प्रवास निघतात. दापोलीकडे 400, गुहागरकडे 200, चिपळूणकडे 900 ओढले जातात. दोन्ही बाजूंची बेरीज 1500 आहे आणि ती तशीच असावी लागते. का, ते पुढे येईल.

दापोली ते गुहागर अंतर कोणतं धरायचं? नकाशावर तर दोन्ही गावं शेजारी दिसतात.

कोकणात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

सरळ रेषेत मोजलं तर दापोली ते गुहागर साधारण 30 किलोमीटर भरतं. दापोलीहून चिपळूण त्याहून लांब आहे. म्हणजे झोनच्या मध्यबिंदूंमधलं हवाई अंतर वापरलं, तर मॉडेलच्या लेखी गुहागर हा दापोलीचा सर्वात जवळचा शेजारी ठरतो. प्रत्यक्षात मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. रस्त्यानेच जायचं तर दापोलीहून खेड, तिथून महामार्गाने परशुराम घाट उतरून चिपळूण, आणि मग पुन्हा पश्चिमेला वळून गुहागर. दुसरा मार्ग दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा. तिच्यात माणसांबरोबर दुचाकी-चारचाकीही चढतात.

आपण वेळ अशी धरू: दापोली ते दाभोळ 45 मिनिटं, धक्क्यावर थांबणं 15, चढ-उतार धरून खाडी ओलांडायला 10, धोपावे ते गुहागर 30. एकूण 100. फेरीबोट नसेल तर दापोली-चिपळूण 90 आणि चिपळूण-गुहागर 70, मिळून 160 मिनिटं. झोनच्या आतल्या आत सगळीकडे 20 मिनिटं.

फेरीबोटीच्या मार्गात धक्क्यावर थांबण्याची वेळ धरायला विसरू नका. रस्त्यांच्या जाळ्याच्या नकाशात फेरीबोट ही नुसती एक रेघ असते आणि तिच्यावर फक्त पाणी कापण्याची वेळ टाकलेली सापडते. शिवाय थांबलेलं मिनिट माणसाला चालत्या गाडीतल्या मिनिटापेक्षा जड जातं, म्हणून पुष्कळ अभ्यासांत प्रतीक्षेची वेळ दुपटीच्या आसपास धरतात. तसं केलं तर आपली 100 मिनिटं 115 होतील. जयगड-तवसाळ असो, बाणकोटच्या खाडीवरची वेश्वी-बागमांडला असो किंवा दिघी-आगरदांडा, हीच काळजी घ्यावी लागते.

गुरुत्व मॉडेलचं सूत्र काय?

`T_ij = A_i · O_i · B_j · D_j · f(c_ij)`

`O_i` म्हणजे झोनमधून निघणारे प्रवास, `D_j` म्हणजे पोचणारे, `c_ij` म्हणजे दोघांमधला खर्च, आपल्या उदाहरणात मिनिटं. खर्च वाढला की ओढ किती कमी होते ते `f` सांगतं. आपण `f(c) = exp(-β·c)` घेऊ आणि β = 0.02 ठेवू. या β ला दर 35 मिनिटांमागे ओढ साधारण निम्मी होते. `A_i` आणि `B_j` हे संतुलनाचे गुणक आहेत. ते आधी माहीत नसतात. पुन्हा पुन्हा ओळी आणि स्तंभ गुणून तेच शोधायचे असतात.

नाव न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरून आलं, पण अंतराच्या वर्गाचा इथे आग्रह नाही. 1967 मध्ये अ‍ॅलन विल्सन यांनी एन्ट्रॉपीच्या तत्त्वावरून हेच सूत्र घातांकी `f` सह काढून दाखवलं. ओळी, स्तंभ आणि एकूण प्रवासखर्च एवढंच माहीत असेल, तर सर्वाधिक संभाव्य वाटणी हीच, असा त्या मांडणीचा अर्थ. मला न्यूटनच्या उपमेपेक्षा हा पाया जास्त भक्कम वाटतो.

हातानेच करून दाखवाल का?

हो. आधी `f` दोन दशांशांपर्यंत घेऊ: 20 मिनिटांना 0.67, 70 ला 0.25, 90 ला 0.17, 100 ला 0.14.

दापोलीची ओळ घ्या. प्रत्येक झोनची ओढ म्हणजे `D` गुणिले `f`. दापोली 400 × 0.67 = 268, गुहागर 200 × 0.14 = 28, चिपळूण 900 × 0.17 = 153. बेरीज 449. पण दापोलीहून निघतात 500, म्हणून तिन्ही आकड्यांना 500 ÷ 449 ने गुणायचं. येतात 298.4, 31.2 आणि 170.4. गुहागर आणि चिपळूणच्या ओळी अशाच केल्या की हा तक्ता मिळतो:

| | दापोलीकडे | गुहागरकडे | चिपळूणकडे | बेरीज |
|---|---|---|---|---|
| दापोलीहून | 298.4 | 31.2 | 170.4 | 500 |
| गुहागरहून | 40.5 | 96.9 | 162.6 | 300 |
| चिपळूणहून | 66.0 | 48.5 | 585.4 | 700 |
| बेरीज | 404.9 | 176.6 | 918.5 | 1500 |

ओळी जुळल्या, स्तंभ नाहीत. गुहागरला 200 हवे होते, 176.6 च पोचले. आता गुहागरच्या स्तंभातले तिन्ही आकडे 200 ÷ 176.6 म्हणजे 1.13 ने वाढवा. दापोलीच्या स्तंभाला 0.988 ने आणि चिपळूणच्या स्तंभाला 0.98 ने गुणा. स्तंभ नेमके बसतील, पण आता ओळी हललेल्या असतील: दापोली 497, गुहागर 309, चिपळूण 694. एक आवर्तन पूर्ण झालं.

मग हे किती वेळा करायचं?

ओळींमधली सर्वात मोठी चूक तुम्ही ठरवलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत. आपल्या उदाहरणात पहिल्या आवर्तनानंतर सर्वात मोठी चूक गुहागरच्या ओळीत आहे, 3 टक्के. दुसऱ्यानंतर ती सुमारे 0.3 टक्के होते आणि तिसऱ्यानंतर 0.1 टक्क्याच्याही खाली जाते. पूर्णांकात, बेरजा मोडणार नाहीत अशा बेताने लिहिलं तर उत्तर असं:

| | दापोलीकडे | गुहागरकडे | चिपळूणकडे |
|---|---|---|---|
| दापोलीहून | 296 | 36 | 168 |
| गुहागरहून | 38 | 108 | 154 |
| चिपळूणहून | 66 | 56 | 578 |

आधी ओळी घ्यायच्या की स्तंभ?

काहीही चालेल. मधले आकडे वेगळे दिसतील, शेवटचा तक्ता एकच येईल. अट एवढीच की चूक मोजताना जी बाजू आत्ताच जुळवली तिची मोजू नका. ती नेहमीच शून्य दिसणार.

ही पद्धत कोणाची?

वाहतुकीच्या क्षेत्रात तिला फर्नेस पद्धत म्हणतात, कारण के. पी. फर्नेस यांनी 1965 मध्ये ती प्रवासांच्या वाटणीसाठी मांडली. कल्पना त्याआधीची आहे. क्रुइथॉफ यांनी 1937 मध्ये टेलिफोनच्या वाहतुकीसाठी आणि डेमिंग व स्टीफन यांनी 1940 मध्ये जनगणनेचे तक्ते जुळवण्यासाठी हेच केलं होतं.

बेरजा तंतोतंत जुळल्या, म्हणजे वाटणी बरोबर आली ना?

नाही. हे पान लिहिण्याचं मुख्य कारण हाच प्रश्न आहे.

समजा जाळ्यात फेरीबोट टाकायची राहून गेली. दापोली-गुहागर 160 मिनिटं झालं, `f` 0.14 वरून 0.04 वर आला. बाकी काहीच बदललं नाही. तीच कृती केली तर एखादं आवर्तन जास्त लागतं आणि हे उत्तर येतं:

| | दापोलीकडे | गुहागरकडे | चिपळूणकडे |
|---|---|---|---|
| दापोलीहून | 319 | 12 | 169 |
| गुहागरहून | 12 | 126 | 162 |
| चिपळूणहून | 69 | 62 | 569 |

या तक्त्याच्या बेरजा करून पाहा. ओळी 500, 300, 700. स्तंभ 400, 200, 900. मघाच्या तक्त्याइतक्याच अचूक. पण खाडी ओलांडणारे प्रवास 74 वरून 24 वर आले आहेत. उरलेले 50 कुठे गेले? दापोलीच्या आतले प्रवास 23 ने वाढले, गुहागरच्या आतले 18 ने, आणि बाकीचे इकडेतिकडे पसरले. चिपळूणच्या वेळांना कोणी हात लावला नव्हता, तरी चिपळूणच्या आतले प्रवास 9 ने घटले.

याच तक्त्यावरून खाडीवर पूल हवा का, याचा विचार झाला तर इथे मागणीच नाही असा निष्कर्ष निघेल. अहवालात ‘मॉडेल 0.1 टक्क्याच्या आत जुळले’ असं वाक्य असेल आणि ते खोटंही नसेल. संतुलन फक्त दिलेल्या बेरजा पाळतं. दिलेल्या वेळा खऱ्या आहेत का, हे त्याला विचारता येत नाही.

संतुलनाने तक्त्यातलं काय बदलतं आणि काय तसंच राहतं?

एखादी ओळ किंवा स्तंभ एकाच आकड्याने गुणला तर चार घरांचं तिरकं गुणोत्तर हलत नाही. दापोली-दापोली आणि गुहागर-गुहागर ही घरं गुणा, त्याला दापोली-गुहागर आणि गुहागर-दापोली यांच्या गुणाकाराने भागा. मूळ `f` मध्ये हे 0.67 × 0.67 ÷ (0.14 × 0.14), म्हणजे जवळपास 23. फेरीबोट धरून आलेल्या शेवटच्या तक्त्यात 296 × 108 ÷ (36 × 38), पुन्हा 23 च्या आसपास. थोडा फरक दिसतो तो पूर्णांकांचा. फेरीबोट नसलेल्या तक्त्यात दोन्हीकडे 280 च्या घरात येतं.

याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, कोणाच्या तक्त्यात हे गुणोत्तर `f` शी जुळत नसेल, तर मध्येच कोणीतरी घरं हाताने बदलली आहेत किंवा गणित चुकलं आहे. दोन, खर्चात शिरलेली चूक या गुणोत्तरात जशीच्या तशी शेवटपर्यंत जाते. शंभर आवर्तनं केली तरी ती धुतली जात नाही.

मग वाटणी तपासायची कशी?

बेरजांखेरीज दुसऱ्या कशाशी तरी ताडून. कोकणात त्यासाठी एक सोय आहे. खाडी ओलांडायच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे तिथे मोजणी करणं सोपं जातं. फेरीबोटीची तिकिटं आणि पुलावरची मोजणी मिळाली की खाडीच्या एका बाजूचे झोन आणि दुसऱ्या बाजूचे झोन यांच्यातले सगळे प्रवास तक्त्यातून बेरीज करून त्याच्याशी लावायचे. मात्र एककं जुळवून घ्या. तिकीट वाहनाचं असेल तर गाडीत माणसं किती हे धरावं लागेल.

मोजणी आणि मॉडेल यांत मोठी तफावत दिसली तर काही जण त्या जोडीला एक जादा गुणक लावून मोकळे होतात. माझ्या मते हा शेवटचा उपाय असावा. आधी जाळं, फेरीबोटीची प्रतीक्षा आणि झोनच्या सीमा तपासा. कारण न कळता लावलेला गुणक भविष्यातही तसाच लागू राहतो, आणि उद्या पूल झाल्यावर त्याचा अर्थ काय लावायचा हे कोणालाच सांगता येत नाही.

β कुठून आणायचा?

दुसऱ्या शहराच्या अहवालातून उचलू नका. घरोघरच्या सर्वेक्षणातून प्रवासाची सरासरी वेळ काढा आणि मॉडेलची सरासरी तिच्याशी जुळेपर्यंत β बदला.

फेरीबोट धरून आलेल्या आपल्या शेवटच्या तक्त्यात झोनच्या आतले 982 प्रवास 20 मिनिटांचे, दापोली-गुहागरचे 74 प्रवास 100 मिनिटांचे, दापोली-चिपळूणचे 234 प्रवास 90 चे, गुहागर-चिपळूणचे 210 प्रवास 70 चे. सरासरी 41.9 मिनिटं. समजा सर्वेक्षणात 36 आली. लोक मॉडेलपेक्षा जवळ जातात, म्हणजे β वाढवायला हवा. पुढचा अंदाज 0.02 × 41.9 ÷ 36, म्हणजे 0.0233. या β ने `f` पुन्हा काढायचा, पूर्ण संतुलन पुन्हा करायचं, सरासरी पुन्हा पाहायची. दोन-चार वेळा केलं की जुळतं.

कामाचे, शाळेचे आणि बाजाराचे प्रवास वेगवेगळे चालवा. दाभोळचं पोर रोज चिपळूणला शाळेत जाणार नाही, पण मोठ्या दवाखान्यासाठी घरातलं माणूस तेवढं अंतर बिनतक्रार जातं. दोघांना एक β लागू पडत नाही.

झोनच्या आतल्या वेळेचं एवढं काय?

वरच्या तक्त्यात 1500 पैकी 982 प्रवास आतलेच आहेत. ती 20 मिनिटं अंदाजाने ठोकलेली असतील, तर β सुद्धा त्या अंदाजावर उभा राहतो. शेजारच्या झोनच्या वेळेच्या निम्मी वेळ धरायची असा एक रूढ ठोकताळा आहे. इथे तो वापरला तर दापोलीच्या आत 45 मिनिटं येतील आणि बाजारपेठेतल्या बाजारपेठेत जाणारा माणूसही त्यात सापडेल. तालुक्याएवढे झोन करण्याऐवजी खाडीकाठची गावं, बाजाराचं गाव आणि घाटालगतच्या वाड्या वेगळ्या काढलेल्या बऱ्या.

आवर्तनं संपतच नाहीत. काय बिघडलं असेल?

पहिली शंका बेरजांची घ्या. निघणारे 1500 आणि पोचणारे 1600 असतील तर ओळी जुळवल्या की स्तंभ कमी पडतात, स्तंभ जुळवले की ओळी जास्त होतात, आणि हे कायम चालू राहतं. ओळखायची खूण अशी: काही आवर्तनांनंतर सगळ्या स्तंभांचा गुणक एकाच आकड्यावर येऊन थांबतो, इथे 1600 ÷ 1500 म्हणजे 1.067 वर. उपाय म्हणजे सुरुवातीलाच एक बाजू दुसऱ्याच्या प्रमाणात आणणं. कामाच्या प्रवासांत सहसा घरांवरून काढलेला आकडा जास्त भरवशाचा मानतात आणि ओढीचा आकडा त्यावर बसवतात.

दुसरी शंका शून्यांची. समजा कोणी फेरीबोट बंद म्हणून दापोली-गुहागर शून्य केलं आणि जाळ्यातला एक तुटका दुवा राहिल्याने गुहागर-चिपळूणही शून्य झालं. आता गुहागरहून निघणाऱ्या 300 जणांना जायला फक्त गुहागर उरलं आणि तिथे जागा 200. हे कोणत्याही गुणकाने जमणार नाही. इथे गुहागरच्या ओळीचा गुणक दर वेळी 1.5 आणि स्तंभाचा 0.67 असा झुलत राहतो. एखाद्या ओळीत सगळीच शून्यं असतील तर शून्याने भागाकार होऊन प्रोग्राम तिथेच अडतो. दोन्ही वेळा आवर्तनं वाढवून काही मिळत नाही, जाळं दुरुस्त करावं लागतं.

पावसाळ्याचं काय करायचं?

वादळी हवेत फेरीबोट थांबते, घाटात दरड आली की महामार्गाची वेळ वाढते. वर्षभराची सरासरी वेळ घेतली तर ती कोणत्याच दिवशी खरी नसते. दोन स्वतंत्र खर्च-तक्ते करून मॉडेल दोनदा चालवणं बरं. मात्र एखाद्या दिवसाच्या खोळंब्याला हे मॉडेल लावू नका. फेरीबोट दोन दिवस बंद असली म्हणून कोणी नोकरीचं गाव बदलत नाही. तो माणूस लांबून जातो किंवा घरी राहतो.

गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी याच मॉडेलात बसतील का?

बसवू नयेत. मुंबईहून दापोली सहा तास आणि गुहागर साडेसात तास धरलं, तर 90 मिनिटांच्या फरकाने β = 0.02 ला गुहागरची ओढ दापोलीच्या सहाव्या हिश्श्यावर येते, मग गुहागर तालुक्यात कितीही घरांत गणपती बसत असोत. संतुलन बेरजा जुळवून देईल, पण त्यासाठी जवळच्या झोनमधल्या जोड्या वाकवेल. चाकरमानी आपल्या गावच्या घरी येतो. दीड तास वाचतो म्हणून तो दुसऱ्याच्या गावी उतरत नाही. हे प्रवास बाहेरचा झोन म्हणून वेगळे काढा, रेल्वे, एसटी आणि टोलनाक्यावरच्या मोजणीवरून त्यांचा तक्ता बांधा, आणि शेवटी तो आतल्या तक्त्यात मिळवा.

प्रोग्राम किती मोठा लागतो?

एवढाच:

```python
import numpy as np
O = np.array([500., 300., 700.])
D = np.array([400., 200., 900.])
c = np.array([[20, 100, 90], [100, 20, 70], [90, 70, 20]])
T = O[:, None] * D * np.exp(-0.02 * c)
for n in range(100):
    T *= (O / T.sum(axis=1))[:, None]
    T *= D / T.sum(axis=0)
    gap = abs(T.sum(axis=1) / O - 1).max()
    if gap < 0.001:
        break
print(n + 1, gap)
print(T.round(1))
```

इथे `f` पूर्ण दशांशांसह घेतला जातो, त्यामुळे आकडे वरच्या तक्त्यापेक्षा किंचित वेगळे येतील. `c` मधली दोन्ही 100 बदलून 160 करा आणि पुन्हा चालवा. छापून आलेला `gap` दोन्ही वेळा मर्यादेच्या आत असेल. मग पहिल्या ओळीतलं मधलं घर पाहा.